मर्मरकाकांची झडप

पेशाने ते शिंपी. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं, एक मशीन, एक टेबल आणि उभं राहून माप द्यायला जेमतेम जागा. पण मेडिकल कॉलेजात त्यांना कुणी शिंपी म्हणून ओळखत नसे. तिथे ते मर्मरकाका होते. मर्मर म्हणजे हृदयातून येणारी खळखळ. तशी सुरेख, ठळक, पुस्तकात लिहिलेली जशीच्या तशी खळखळ त्यांच्या छातीत होती, आणि म्हणून दरवर्षी शेवटच्या परीक्षेला त्यांना बोलावणं येई.

लहानपणी त्यांना ताप आला होता. सांधे सुजले, मग उतरले. ताप गेला, पण जाता जाता हृदयाच्या डाव्या बाजूची एक झडप बिघडवून गेला. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी ती झडप, मायट्रल. तिचे दोन पडदे कडेकडेने चिकटत गेले आणि दार उघडावं तिथे नुसती फट राहिली. हे कळलं ते फार उशिरा, खोकला हटेना म्हणून दवाखान्यात गेले तेव्हा. तिथे एका तरुण डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोपची नळी लावली आणि त्याचा चेहराच उजळला. त्याने आणखी चौघांना हाका मारल्या. "ऐका, ऐका! सगळं आहे. एकही गोष्ट सुटलेली नाही."

तो तरुण डॉक्टर पुढे विभागप्रमुख झाला. केस पिकले, पोट सुटलं. काकांना तो 'मास्टर' म्हणे, काका त्याला 'सर'.

परीक्षेचा दिवस काकांना आवडे. त्यासाठी त्यांनी स्वतः शिवलेला एक वेगळा शर्ट होता, पुढे टिचबटणं लावलेला. मुलांचा वेळ काजं सोडवण्यात जायला नको म्हणून. वॉर्डात पडदे ओढलेले असत, प्रत्येक पडद्याआड एक खाट, खाटेवर एक रोगी. मुलगा किंवा मुलगी थरथरत आत येई, तपासे, घंटा झाली की परीक्षक येत आणि विचारत. रोग्यांनी तोंड उघडायचं नाही अशी सक्त ताकीद असे. काका तोंड उघडत नसत, पण एखादं पोर अगदीच रडकुंडीला आलं तर हळूच डाव्या कुशीवर वळत. डाव्या कुशीवर ती खळखळ सगळ्यात छान ऐकू येते. पोराच्या डोळ्यांत प्रकाश पडे. मग घरी आल्यावर बायकोला सांगत, "आज दोघांना पास केलं."

"स्वतःचं काय ते बघा," बायको म्हणे. "मिरवायला जाता नुसते."

त्यात खोटं काही नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी सरांनी त्यांना बसवून सांगितलं होतं, की मांडीच्या शिरेतून एक नळी आत नेता येते, तिच्या टोकाला फुगा असतो, तो झडपेत फुगवला की चिकटलेले पडदे सुटतात. छाती उघडावी लागत नाही. दोन दिवसांत घरी.

"मग आवाज?" काकांनी विचारलं होतं.

"आवाज बराचसा जाईल."

"म्हणजे मी परीक्षेला कामाचा नाही राहणार!"

दोघंही हसले होते. सरांनी पुन्हा एकदोनदा विषय काढला. काका कधी म्हणाले लग्नसराई आहे, कधी म्हणाले थंडी संपू दे. खरं तर ते घाबरत होते. पण घाबरतो म्हणण्यापेक्षा परीक्षेचं कारण बरं होतं, आणि ते कारण ऐकायला सरांनाही वाईट वाटत नव्हतं. अशी केस हातची जावी असं कुठल्या मास्तरला वाटेल?

गेल्या वर्षी बायकोचा पाय मोडला म्हणून ते परीक्षेला गेले नाहीत. परीक्षा म्हणजेच आपली तपासणी अशी त्यांची समजूत होती, त्यामुळे ती चुकली तेव्हा दुसरी कुठली झालीच नाही. त्याच सुमारास त्यांनी पायाने चालवायच्या मशीनला मोटर बसवून घेतली. "वीज कशाला आहे मग?" असं बायकोला म्हणाले. जिन्यात मधल्या वळणावर थांबून खिशात काहीतरी शोधल्यासारखं करू लागले. उशी एकाची दोन झाली. मोज्यांचे वळ घोट्यावर उमटून तसेच राहू लागले. बायकोने हे सगळं पाहिलं आणि प्रत्येक वेळी बोलली, आणि प्रत्येक वेळी ते म्हणाले, "वय झालं, बाई."

या वर्षी बोलावणं आलं तेव्हा ते खूश झाले. शर्ट इस्त्री केला. गळ्यापाशी तो सैल झाला होता, पोटावर मात्र घट्ट.

*

त्यांच्या पडद्याआड आलेली मुलगी जाड भिंगांच्या चष्म्याची होती. आल्याबरोबर तिने हात एकमेकांवर चोळून गरम केले. काकांना ते आवडलं. असं फार थोडी मुलं करतात.

तिला आधीच कळलेलं असणार की खाटेवर कोण आहे. मर्मरकाका मिळाले म्हणजे लॉटरी लागली, असं बाहेर पोरं म्हणत. काय सांगायचं ते पाठच असे: पहिला आवाज मोठा, दुसऱ्या आवाजानंतर लगेच एक 'टक्', त्याला ओपनिंग स्नॅप म्हणायचं, मग खळखळ, आणि पुढच्या ठोक्याच्या आधी ती खळखळ एकदम चढते. एवढं बोललं की झालं.

ती नाडी धरून बसली. खूप वेळ. मनगट सोडलं, पुन्हा धरलं. मग तिने त्यांना आडवं व्हायला सांगितलं.

"पाठीखाली दोन उशा राहू देत गं," काका म्हणाले.

तिने उशांकडे पाहिलं, त्यांच्या मानेच्या फुगलेल्या शिरेकडे पाहिलं, घोटा अंगठ्याने दाबून पाहिला. मग छातीला नळी लावली. काका सवयीने डाव्या कुशीवर वळले. तिने डोळे मिटले. मिनिट गेलं असेल नसेल, तिच्या कपाळावर आठी आली.

ताकीद मोडून काका कुजबुजले, "दुसऱ्या आवाजाच्या पाठोपाठ बघ. टक् असा."

"बघतेय, काका."

"चपटी बाजू लाव. ती टकटकीला बरी."

"चपटीच लावलीय." तिने नळी थोडी सरकवली. "काका, तो नाहीये."

"असतो गं. आजवर सगळ्यांना मिळालाय."

तिने पुन्हा ऐकलं. ओठ घट्ट मिटले होते. बाहेर घंटा वाजली आणि तिने असं पाहिलं त्यांच्याकडे, जणू त्यांनीच तिला सांगायचं होतं, पाठ केलेलं बोलू की ऐकलेलं. पहिल्यांदाच काकांना काय सांगावं ते सुचलं नाही.

पडदा सारून सर आत आले आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या परीक्षकबाई. बाई किडकिडीत होत्या, आवाज खालचा. त्यांनी स्टूल ओढलं.

"आधी मला हृदयाचा एक ठोका सांग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमाने. आणि या काकांना समजेल असा सांग. त्यांना नाही समजलं तर तुलाही समजलेलं नाही असं मी धरणार."

सर काकांकडे बघून मिशीत हसले. काकांना हे किती वेळा ऐकून झालं होतं ते त्यांना ठाऊक होतं.

मुलगी काकांकडे वळली. "काका, हृदयाची डावी बाजू धरू. वर एक कप्पा, खाली एक. मधे झडप, मायट्रल. खालच्या कप्प्यातून अंगभर रक्त नेणारी मोठी धमनी निघते, महाधमनी, तिच्या तोंडाशी दुसरी झडप. झडपांना स्वतःची ताकद नसते. ज्या बाजूला दाब जास्त, त्या बाजूने त्या लोटल्या जातात, एवढंच."

"चांगलं," बाई म्हणाल्या. "पुढे."

"सुरुवातीला हृदय सैल आहे. मायट्रल उघडी आहे. वरच्या कप्प्यातलं रक्त आपसूक खाली उतरतंय. बरंचसं असंच उतरतं. मग शेवटी वरचा कप्पा स्वतः आवळतो आणि उरलेलं खाली ढकलतो. आता खालचा कप्पा आवळायला लागतो. त्याचा दाब वरच्यापेक्षा जास्त झाला की मायट्रल मिटते. तो पहिला आवाज. उजव्या बाजूचीही तशीच झडप त्याच सुमारास मिटते."

"आणि त्या क्षणी महाधमनीची झडप?"

"तीही मिटलेलीच. आत दाब अजून धमनीएवढा झालेला नाही. म्हणजे थोडा वेळ सगळी दारं बंद, रक्त जागच्या जागी, आणि दाब मात्र सरळ वर चढतोय. आलेख काढला तर इथे रेघ उभी जाते. धमनीतल्या दाबाच्या वर गेला की तिची झडप उघडते. निरोगी माणसात उघडताना आवाज येत नाही. रक्त बाहेर पडतं, आधी जोरात, मग हळू. धमनीची रेघ आणि कप्प्याची रेघ बरोबर वर जातात, बरोबर उतरतात. मग कप्पा सैल पडतो, त्याचा दाब धमनीच्या खाली जातो, रक्त मागे फिरू बघतं आणि झडप मिटते. धमनीच्या रेघेवर तिथे खाच दिसते. तो दुसरा आवाज. त्यात दोन तुकडे असतात, आधी महाधमनीचा, मागून फुप्फुसाच्या धमनीचा."

"मग?"

"पुन्हा सगळी दारं बंद. दाब धाडकन खाली. वरच्या कप्प्यात दरम्यान रक्त साठलेलंच असतं. खालचा दाब त्याच्या खाली गेला की मायट्रल उघडते आणि पुन्हा पहिल्यापासून. हे उघडणंही मुकंच. पण काकांसारख्यांची झडप कडांना चिकटलेली असते. मधला भाग लवचीक असला तर तो शिडासारखा फुगतो आणि एकदम अडतो. तेव्हा टक्. मग फटीतून रक्त घुसतं त्याची खळखळ. शेवटी वरचा कप्पा आवळला की खळखळ चढते."

"छान," सर म्हणाले. "आता मास्टरांच्या छातीत काय ऐकलंस ते सांग."

मुलीने चष्मा वर केला. "नाडी अनियमित आहे, सर. कुठल्याच हिशेबात न बसणारी. वरचा कप्पा आवळत नसावा, नुसता थरथरत असावा. मानेची शीर फुगलेली. पायांना सूज. पहिला आवाज..." ती अडखळली. "पहिला आवाज हळू आहे. दुसऱ्यातला फुप्फुसाचा तुकडा मोठा, हाताला लागतो इतका. ओपनिंग स्नॅप नाही. खळखळ आहे, पण अगदी मंद. शेवटी चढत नाही."

सरांचं हसू गेलं. "नीट ऐकलंस? घाबरून जाऊ नकोस. मी या माणसाला तुझ्या जन्माआधीपासून ऐकतोय. पहिला आवाज हळू म्हणतेस? अगं, यांचा पहिला आवाज भिंतीपलीकडून ऐकू येतो."

मुलीचे डोळे भरले, पण ती म्हणाली, "मला नाही ऐकू आला, सर."

परीक्षकबाई उठल्या. त्यांनी काकांच्या छातीला नळी लावली. इथे, मग तिथे, मग मानेच्या बाजूला. नळी गळ्यात टाकून त्या बाजूला झाल्या आणि सरांना म्हणाल्या, "तुम्ही ऐका."

सर वाकले. त्यांच्या श्वासाला सुपारीचा वास होता, तो काकांना ओळखीचा होता. इतक्या वर्षांत त्यांनी सरांचा चेहरा इतक्या जवळून कितीतरी वेळा पाहिला होता, आणि दर वेळी तो चेहरा आवडतं गाणं लागल्यासारखा होई. आज सर ऐकत राहिले, ऐकत राहिले. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते काकांकडे बघेनात.

"आवाज कमी झालाय ना सर?" काकांनी विचारलं. "म्हणजे बरंच की. झडप सुटली असेल आपली आपण."

सरांनी त्यांच्या शर्टाची बटणं एकेक करून लावली. "जा तू," ते मुलीला म्हणाले. "झालं तुझं." मग पडद्यापाशी गेलेल्या तिला हाक मारून म्हणाले, "बरोबर सांगितलंस."

*

दुसऱ्या दिवशीपासून तपासण्या सुरू झाल्या. शेवटी हृदयात नळ्या घालून दाब मोजायचा ठरला. काका जागे होते. मनगट आणि मांडी तेवढी बधिर केलेली. टेबलाच्या बाजूला मोठा पडदा होता आणि त्यावर रंगीत रेघा पळत होत्या. सर डोक्याशी उभे होते. त्यांचं तिथे काही काम नव्हतं, तरी आले होते.

"सांगा की," काका म्हणाले. "पोरांना सांगता तसं."

सरांनी बोट दाखवलं. "ही पिवळी, खालच्या कप्प्याची. बघा, वर गेली, खाली आली. ही निळी, वरच्या कप्प्याची. तिथे थेट नाही जाता येत, म्हणून फुप्फुसाच्या बारीक धमनीत नळी अडकवून मागचा दाब घेतलाय. झडप उघडी असताना दोन्ही कप्पे एकच खोली होतात. दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून चालल्या पाहिजेत."

काका बघत राहिले. पिवळी रेघ पार तळाला जाऊन पडली होती. निळी वरच लटकत होती. खालच्याने पुन्हा आवळायला घेतलं तरी मधली जागा भरली नव्हती. टाका न बसलेल्या कापडाच्या दोन कडांसारखी.

"एवढी उघडी?"

"एवढी."

"आणि ही तिसरी?"

"फुप्फुसाच्या धमनीचा दाब. तो हिच्या पाचव्या हिश्श्याएवढा असायला हवा." सरांनी शेजारच्या लाल, महाधमनीच्या रेघेकडे बोट केलं. तिसरी रेघ जवळपास तिच्याएवढीच उंच चढत होती. "डावीकडचं रक्त पुढे सरकत नाही, म्हणून मागे तुंबतं. फुप्फुसात तुंबलं. फुप्फुसाच्या धमन्या आकसल्या, जाड झाल्या. उजवा कप्पा त्यांच्यावर जोर काढून काढून थकला. पायाची सूज त्याची. पोटाची पण."

"आणि टक्?"

"पडद्यांवर चुना साचलाय, मास्टर. दगड झालेत. हललं तर वाजेल ना. पहिला आवाजही त्यामुळेच गेला. आणि खळखळ कमी झाली ती झडप सुटली म्हणून नाही. फटीतून जायला रक्तच कमी येतंय म्हणून."

काकांनी मान हलवली. शिवण कुठे उसवली ते गिऱ्हाइकाने दाखवावं आणि आपल्याला ती दिसावी, तशी. मग ते पडद्याकडे बघायचे थांबले.

फुगा आता चालणार नव्हता. दगडावर फुगा फुगवून दगड फुटत नाही, फुटलाच तर वाईट फुटतो. शिवाय वरच्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी धरली होती. राहिली छाती उघडून नवीन झडप बसवण्याची शस्त्रक्रिया. सर्जन स्पष्टवक्ता होता. त्याने फिल्म पाहिल्या, रक्ताचे रिपोर्ट पाहिले, काकांच्या पिवळट डोळ्यांकडे पाहिलं.

"झडप बसवता येईल," तो म्हणाला. "पण शस्त्रक्रियेत हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवरून उजवी बाजू सुटायची नाही. यकृत गेलंय, किडनी जातेय. मी टेबलावर घेतलं तर जिवंत उतरवता येणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय. नाही घेत."

"आधी आले असते तर?" हे काकांच्या बायकोने विचारलं. ती आतापर्यंत भिंतीला टेकून उभी होती.

सर्जनने सरांकडे पाहिलं आणि फिल्म पाकिटात घालू लागला.

बायको सरांकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "तुमच्याकडे दरवर्षी येत होते हो. दरवर्षी. घरच्या सणाला नसेल एवढ्या हौसेने ते तुमच्याकडे यायचे. शंभर पोरांनी कान लावले असतील. आणि आज सांगताय उशीर झाला?"

"मी सांगितलं होतं, वहिनी."

"किती वेळा?"

सर फिल्मच्या पाकिटाकडे बघू लागले.

"हसत हसत सांगितलं असेल," ती म्हणाली. "त्यांनी मला तसंच सांगितलं होतं. हसत हसत."

"अगं, राहू दे," खुर्चीतून काका म्हणाले. "नको म्हणणारा मी होतो."

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला कुणीतरी ओरडायला हवं होतं. मी ओरडले तर तुम्हाला ती बायकोची कटकट. यांचं तुम्ही ऐकलं असतं."

ते खरं होतं. खोलीतल्या सगळ्यांना ते पटलं, आणि त्याचा आता कुणाला काही उपयोग नव्हता.

*

पाण्याच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, मीठ बंद. काका घरी आले. दुकानाला कुलूप लागलं. अर्धवट शिवलेले कपडे बायकोने ज्याचे त्याला परत केले. एका माणसाच्या पँटचा एकच पाय शिवून झाला होता, तो म्हणाला राहू दे, बरे झाले की शिवतील. तिने पिशवी त्याच्या हातात कोंबली.

आडवं पडवेना म्हणून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आणि तिथेच झोपत. पोट फुगत चाललं, हातपाय काटकुळे झाले. बोलताना वाक्य मधेच सोडून श्वास घ्यावा लागे.

ती मुलगी एका दुपारी पत्ता विचारत आली. पास झाली होती. पेढे वगैरे काही आणले नव्हते, नुसतीच उभी राहिली दारात.

"ये गं," काका म्हणाले. "माझ्यामुळे फेल झालेलं... अजून एकही पोर नाही."

ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "मी चुकले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं मला."

"चुकली असतीस तरी झडप तीच."

"हो," ती म्हणाली. बायकोने चहा आणला. मुलीने तो हातात धरून ठेवला, प्यायली नाही.

"ऐक की," काका म्हणाले. "नळी आणली असशील. आता काय म्हणतंय... बघ."

"नको काका."

"बघ म्हणतो ना. सर येतात, ऐकतात, आणि म्हणतात ठीक आहे. तू खरं सांगतेस."

तिने हात चोळले. त्यांनी वळायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बसल्या बसल्याच तिने छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला नळी ठेवली आणि श्वास आत घ्यायला सांगितला. ती ऐकत होती आणि बायको तिच्या तोंडाकडे बघत होती.

"काय?"

"नवीन आवाज आहे एक. तिसरा."

"तिसरा कुठला? दोनच ना?"

"दुसऱ्यानंतर, कप्प्यात रक्त भरायला लागतं ना, तेव्हा. कप्पा थकून ढिला झालेला असला की भरता भरता रक्त अडतं आणि एक ठोका ऐकू येतो." तिने नळी कानातून काढली. "डावीकडचा नाहीये हा. तुमच्या झडपेतून तेवढ्या जोरात रक्त येतच नाही. उजवीकडचा आहे. श्वास आत घेतला की वाढतो."

"म्हणजे उजवी बाजू... भरत आली."

"हो, काका."

"चांगला आवाज आहे?"

तिला काय विचारताहेत ते आधी कळलं नाही. मग कळलं. "स्पष्ट आहे," ती म्हणाली.

"सरांना सांग. मुलांना... ऐकवायला."

बायकोने ट्रे उचलला आणि आत निघून गेली. आतून भांडी घासायचा आवाज बराच वेळ येत राहिला. एवढी भांडी घरात नव्हती.

मुलीने सरांना सांगितलं. सर एकटेच आले, मुलं आणली नाहीत. काका विचारत होते, "पोरं कुठायत?" सर म्हणाले, परीक्षा संपली, सगळे गावी गेले. ते खोटं होतं आणि काकांनी ते खरं मानलं, किंवा तसं दाखवलं.

पुढच्या आठवड्यात बायको सकाळी त्यांच्या पायांना तेल लावत होती. नुसतं लावत होती, चोळायची भीती वाटे, बोट दाबलं की खड्डा पडे. काका बाहेर बघत होते. समोर कुणीतरी गच्चीवर चादरी वाळत घालत होतं. "तिरकी घालतेय," ते म्हणाले, आणि श्वास घेतला, आणि तो सोडला, आणि तिला वाटलं अजून काहीतरी बोलतील. ती वाट बघत थांबली. मग तिने तेलाची वाटी बाजूला ठेवली.

*

सर काही दिवसांनी भेटायला आले. खिडकीजवळची खुर्ची अजून तिथेच होती, तिच्यात ते बसले नाहीत, पलंगाच्या कडेला टेकले. बायकोने पाणी दिलं.

"आता परीक्षेला कोण?" तिने विचारलं. टोचायला नव्हे. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आहे एक बाई. शाळेत मदतनीस आहे. तिची महाधमनीची झडप गळते. मिटली तरी नीट मिटत नाही. दुसऱ्या आवाजानंतर रक्त मागे येतं, त्याचा आवाज अगदी..." सर थांबले.

"तिला सांगा लवकर करून घ्यायला."

"सांगितलंय."

"कसं?"

"या वेळी ओरडून. तिच्या नवऱ्याला बोलावून, समोर बसवून सांगितलं."

"मग?"

सरांनी पेल्यातलं पाणी संपवलं. पेला खाली ठेवायला जागा शोधली.

"परीक्षा होऊन जाऊ दे म्हणाली," ते म्हणाले. "मुलं फार मान देतात म्हणे."